नोटीस पिरियड अर्धवट सोडताना घ्यायची काळजी

नोकरी सोडताना कंपनीचं मन दुखवू नये. त्यासाठी पहिला नियम असा की, नेमणूक-पत्र राजीनाम्याच्या दिवशी अजिबात उघडायचं नाही. ते आईनं देवघराच्या खणात, लाइट बिलांखाली जपून ठेवलेलं असतं, तिथेच शोभतं. त्यात नोटीस किती दिवसांची आणि ती कमी भरली तर कुठल्या पगारावर कापायचं हे लिहिलेलं असतं. अशा गोष्टी आधी कळल्या तर निरोपसमारंभातली हुरहुर जाते.

दुसरा नियम: लवकर सोडण्याची परवानगी फक्त तोंडी घ्यायची. माझा भाचा बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात होता. नोटीस नव्वद दिवसांची. २२ ऑगस्टला राजीनामा दिला. साहेबांनी सेव-उसळीच्या गाडीवर, तरी ओतून घेता घेता सांगितलं, "तीस सप्टेंबरला जा रे, मी बघतो." केवढा जिव्हाळा! अशा माणसाला "कृपया हे मेलवर कळवा, आणि उरलेल्या दिवसांची वसुली माफ आहे असंही लिहा" म्हणणं म्हणजे उसळीत साखर घालणं. भाच्यानं मेल मागितला नाही. पुढे साहेबांना ती उसळ आठवली, वाक्य आठवलं नाही.

महिन्याभरानं हिशेब आला. फुल अँड फायनल म्हणतात त्याला, आणि शब्दशः फुल होता. पगार महिना साठ हजार, त्यात बेसिक तीस हजार. चाळीस दिवस भरले, पन्नास राहिले. एचआरच्या बेननी साठ हजारांना तीसनं भागून दिवसाचे दोन हजार काढले आणि पन्नास दिवसांचे एक लाख वसुलीत टाकले. त्याच्या वीस रजा शिल्लक होत्या. त्यांचे पैसे मात्र बेसिकवर, म्हणजे दिवसाला हजारानं, वीस हजार. एकच माणूस, एकाच कागदावर, देताना हजाराचा आणि घेताना दोन हजारांचा. माणसाची किंमत कंपनी सोडताना दुप्पट होते, हे ऐकून आमच्या ताईला अभिमानच वाटला.

वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी अठरा हजार. "तुम्हाला लवकर सोडलं, ही आम्ही तुम्हाला दिलेली सेवा," असा त्यामागचा विचार. गुजरातच्याच अॅडव्हान्स रुलिंग प्राधिकरणानं एकेकाळी तसा कौल दिलाही होता. मग ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळानं स्पष्ट केलं की, ही रक्कम कुठल्याही सेवेचा मोबदला नाही. माणसानं अचानक उठून जाऊ नये म्हणून ठेवलेला तो धाक आहे, त्यामुळे त्यावर जीएसटी नाही. परिपत्रक निघालं, पण एक्सेलमधला कॉलम निघाला नाही. जुन्या वाड्यातल्या भाडेकरूसारखा तो तिथेच राहतो.

तर सप्टेंबरचा रोखलेला पगार साठ हजार, रजांचे वीस हजार, वजा एक लाख अठरा हजार. पीएफ वगैरे बाजूला ठेवू. भाच्यानंच कंपनीला अडतीस हजार द्यायचे. तोवर रिलीव्हिंग लेटर अडकलेलं.

इथे तिसरा नियम: मुकाट भरायचे. काही चौकस लोक १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ काढून बसतात. त्यात म्हणे करारात लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा असते, कोर्ट त्याच्या आत वाजवी वाटेल तेवढंच देतं. म्हणजे पत्रात लिहिलंय त्याहून जास्त मागायला काही आधारच उरत नाही. उगाच रंगाचा बेरंग. आणि "पीएफही अडवू" असं कुणी म्हणालं, तर तो पैसा कायद्यानंच जप्तीपासून सुरक्षित असतो हे बोलून दाखवू नये. समोरच्याचा हिरमोड होतो. (पत्रातली अट खरी असेल तर तेवढे पैसे मात्र द्यावेच लागतात. ते टाळण्याची युक्ती शोधत इथवर आला असाल, तर दांडिया बाजारात जाऊन चहा प्या.)

भाच्यानं दुसरा नियम पाळला होता, उरलेले दोन मात्र मोडले. खण उघडला. कलम अकरा: "नोटीस अपुरी राहिल्यास उर्वरित दिवसांचे मूळ वेतन." त्याचा फोटो आणि परिपत्रक जोडून चार ओळींचा मेल टाकला: पन्नास दिवस गुणिले हजार, पन्नास हजार कापा, जीएसटी काढा, उरलेले तीस हजार पाठवा. शिव्या नाहीत, "कोर्टात बघून घेईन" नाही.

नऊ दिवसांनी तीस हजार आणि लेटर, दोन्ही आलं. नव्या हिशेबात जीएसटीचा कॉलम अजून आहे. आता त्यात शून्य लिहिलंय.