योग्यरीत्या म्हणजे खट्

फूड प्रोसेसरचं माहितीपुस्तक समोर उघडं पडलंय. 48 पानं. पहिली सहा पानं हे यंत्र आपला कसकसा घात करू शकतं याला वाहिलेली आहेत आणि शेवटची चार तो घात झाल्यास कंपनी कशी जबाबदार नाही याला. मधे कुठेतरी यंत्र चालवायचं कसं तेही आहे. आता याचा दीड मिनिटाचा व्हिडिओ करायचाय, म्हणजे मला त्याची संहिता लिहायचीय. अट एकच: पायऱ्या तीन. "तीनच हं, जास्त नकोत," असं सांगणाऱ्याने स्वतः पुस्तक उघडलेलं नसतं, हे त्याच्या आवाजातल्या प्रसन्नतेवरून कळतं.

पहिला मोह असतो सगळं दाबून बसवण्याचा. यंत्र जोडा, यंत्र वापरा, यंत्र धुवा. झाल्या तीन पायऱ्या! चूक काहीच नाही. जन्मा, जगा, मरा यातही चूक काही नाही, पण ते ऐकून कोणाचं काही अडलेलं सुटत नाही.

म्हणून आधी कामं कमी करायची. हे यंत्र बारीक चिरतं, चकत्या करतं, किसतं, कणीक मळतं, फेटतं. पुस्तक ही सगळी कामं एकाच दमात सांगतं आणि प्रत्येक ठिकाणी 'आकृती 14 पहा' म्हणून आपल्याला मागे पाठवतं. व्हिडिओत काम एकच: कांदा बारीक करणं. बाकीच्या कामांचे वेगळे व्हिडिओ करा. एका कामाच्या तीन पायऱ्या होतात. पाच कामांच्या तीन पायऱ्या केल्या की ती जाहिरात होते.

मग पेन्सिल घेऊन पुस्तकातल्या प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा: हे वाचून हात हलतो का? 'सदर उपकरण केवळ घरगुती वापरासाठी आहे.' नाही हलत. 'पाते-संच चालक-दंडावर स्थापित करावा.' हलतो, पण आधी डोकं खाजवायला. अशी चाळणी लावल्यावर या पुस्तकात कांद्यापुरती हात हलवणारी वाक्यं उरली 19. ती तीन ढिगांत घालायची, आणि ढीग कुठे संपवायचा याचा नियम माझ्या मते एकच आहे: जिथे डोळ्यांना काही दिसतं किंवा कानांना काही ऐकू येतं, तिथे पायरी संपते. 'यंत्र तयार आहे' ही पायरी नव्हे. 'खट् आवाज आला' ही पायरी.

हा खट् पुस्तकात सापडायला मला 41व्या पानापर्यंत जावं लागलं. नवं यंत्र घरी आणल्यावर सगळ्यांत जास्त वेळा काय होतं, तर ते चालूच होत नाही. प्लग लावलेला, बटण फिरवलेलं, यंत्र मख्ख. माणूस समजतो मोटर गेली. मोटर ठणठणीत असते. झाकण बोटभर कमी फिरलेलं असतं. या यंत्रात झाकणाला एक दात असतो. झाकण पूर्ण फिरलं की खट् होतं, तो दात भांड्याच्या मुठीत लपलेली काडी खाली दाबतो आणि काडी मोटरच्या बुडातला छोटा स्विच दाबते. भांडं अर्धवट बसलं तर काडी स्विचवर येत नाही, झाकण अर्धवट बसलं तर काडी दाबली जात नाही. दोन्हींपैकी काहीही चुकलं की वीज मोटरपर्यंत पोचतच नाही. बोटं वाचवण्यासाठी केलेली सोय आहे ती, आणि फार शहाणी सोय आहे. पुस्तक तिला 'सुरक्षा अंतर्बंध प्रणाली' म्हणतं आणि तक्रार-निवारणाच्या तक्त्यात नेऊन ठेवतं. जोडणीच्या पानावर मात्र एवढंच: 'झाकण योग्यरीत्या बसले असल्याची खात्री करून घेण्यात यावी.'

'योग्यरीत्या' हा शब्द संहितेत आला की तो खोडायचा आणि त्या जागी काय दिसतं किंवा काय ऐकू येतं ते लिहायचं. ते लिहिता येत नसेल तर यंत्र पुन्हा हातात घ्यायचं. कारण मग ते आपल्यालाच कळलेलं नसतं.

दुसरी खोड नावांची. या पुस्तकात तेच भांडं 9व्या पानावर 'प्रक्रिया-पात्र', 12व्यावर 'वाडगा' आणि 30व्यावर 'जार' आहे. वाचणारा बिचारा खोक्यात आणखी दोन भांडी शोधतो. संहितेत शेवटपर्यंत 'भांडं' म्हणजे 'भांडं'. चालक-दंड म्हणजे 'मधला खुंट'. पाते-संच म्हणजे 'पातं'. प्रतिशब्द बदलत राहण्याची हौस निबंधात भागवावी.

तिसरी अडचण आपल्या भाषेचीच आहे, आणि पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं मोठ्याने वाचलं की लगेच कळते. मराठीत क्रियापद शेवटी येतं. 'पात्याच्या मध्यभागी असलेल्या प्लास्टिकच्या भागाला धरून ते भांड्यातल्या खुंटावर अलगद बसवा' हे वाक्य कागदावर शहाणं आहे, पण ऐकणारा 'बसवा'पर्यंत हात हवेत धरून उभा राहतो. नकाराचं तर विचारूच नका. 'झाकण लावण्याआधी बटण फिरवू नका' यातला 'नका' कानावर पडेपर्यंत उत्साही माणसाने बटण फिरवलेलं असतं. म्हणून बोलायच्या संहितेत वाक्यं तोडायची आणि शक्य तिथे नकार उलटवायचा: 'आधी झाकण. मग बटण.' पहिल्या पायरीची माझी संहिता शेवटी अशी झाली:

दृश्य: रिकामं भांडं बुडावर ठेवलं जातं, हाताने फिरतं. खट्.
आवाज: भांडं ठेवा. फिरवा. खट् ऐका.
दृश्य: बोटं पात्याच्या मधल्या प्लास्टिकवर. पातं खुंटावरून पार तळापर्यंत जातं.
आवाज: पातं मधे धरा. धार दोन्ही बाजूंना आहे. तळाला टेकू द्या.
दृश्य: चार-चार तुकडे केलेला कांदा, भांडं अर्धं भरेपर्यंत.
आवाज: आता कांदा. अर्ध्या भांड्यापर्यंत.
दृश्य: झाकण. दात मुठीत शिरताना अगदी जवळून. दुसरा खट्.
आवाज: झाकण फिरवा. दुसरा खट् आला, म्हणजे यंत्र तयार.

यात कांद्याआधी पातं आहे, ते उगाच नाही. आधी कांदा टाकला तर पात्याखाली तुकडे अडकतात, ते तळाला टेकत नाही आणि खालचा थर शेवटपर्यंत अख्खाच राहतो. पण हे कारण आवाजात सांगत बसायचं नाही. चित्रात क्रम दिसला की पुरे.

दुसऱ्या पायरीत पुस्तकात 'इच्छित परिणाम मिळेपर्यंत चालवावे' असं लिहिलंय. कांद्याच्या बाबतीत इच्छित परिणाम एखाद्या सेकंदात येतो आणि निघून जातो. बटण चालू करून ठेवलं तर खालच्या तुकड्यांचा पाणचट लगदा होतो आणि वरचे मोठे तुकडे भांड्याच्या भिंतीला चिकटून गंमत बघतात. पल्सच्या खुणेवर बटण एक सेकंद धरायचं आणि सोडायचं. सोडलं की उडालेले तुकडे पुन्हा पात्यावर पडतात. असं पाच-सहा वेळा केलं की कांदा हवा तेवढा बारीक होतो. तेव्हा संहितेत 'पल्स करा' लिहून भागत नाही, पडद्यावर आकडे उमटले पाहिजेत: 1, 2, 3. आणि तिसऱ्यानंतर थांबून भांड्यात डोकावणारा माणूस दाखवायचा, झाकण लावलेलं ठेवून. पायरी कुठे संपते? सगळे तुकडे साधारण सारखे दिसले की.

या पायरीत बोलायचंच नाही. मोटरच्या आवाजावर निवेदन चढवलं की दोन्ही ऐकू येत नाहीत. तसंच पहिल्या पायरीत पार्श्वसंगीत टाकायचं नाही, नाहीतर ज्या खट्साठी एवढा आटापिटा केला तो बासरीखाली गाडला जातो. सावकाश बोललं तर 30 सेकंदांत 55-60 शब्द बसतात. मी निम्मेच ठेवतो. उरलेला वेळ बघणाऱ्याच्या हातांचा.

तिसरी पायरी यंत्र सुटं करण्याची, आणि रक्त निघतं ते बहुतेक इथेच. पातं थांबू द्या, प्लग काढा, झाकण काढा, भांडं उचला, आणि कांदा ओतण्याआधी पातं बाहेर. पातं आत ठेवून भांडं उलटं केलं तर ते कांद्याबरोबर, किंवा हातावर, येतं. सुरुवातीच्या सहा पानांतल्या इशाऱ्यांपैकी जे कांदा चिरताना खरंच लागतात ते असे त्या-त्या कृतीला चिकटवायचे. व्हिडिओच्या सुरुवातीला 40 सेकंद इशारे दाखवले तर लोक ते पुढे ढकलून सरळ पात्याला हात घालतात. धुताना पातं साबणाच्या फेसात बुडवून ठेवायचं नाही, कारण फेसात ते दिसत नाही. म्हणून चित्रात ते नळाखाली धरलेलंच दाखवलं. मोटरचं बूड पाण्यात घालू नये यासाठी वेगळं वाक्य लिहिलं नाही, ओल्या फडक्याने पुसताना दाखवलं. कायदेविभागाला मात्र वाक्यच हवं होतं. ते पडद्याच्या तळाशी दिलं, वाचता येईल एवढ्या अक्षरात, यावर तह झाला.

कॅमेरा कुठे ठेवायचा हेही संहितेतच लिहावं लागतं. यंत्राच्या पलीकडून चित्रण केलं तर बघणाऱ्याचं डावं-उजवं उलटतं. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने आरशासारखं चित्र साठवलं तर घड्याळाचे काटेही उलटे फिरतात आणि लोक झाकण लावायच्या ऐवजी काढत बसतात. म्हणून कॅमेरा यंत्र वापरणाऱ्याच्या खांद्यावरून, आणि 'उजवीकडे फिरवा'च्या जागी 'मुठीकडे फिरवा'. मूठ कुठूनही पाहिली तरी मूठच राहते.

शेवटी परीक्षा. हे यंत्र कधीच न पाहिलेल्या माणसापुढे भांडं, पातं, झाकण ठेवायचं, संहिता वाचायची आणि स्वतःचे हात मागे बांधायचे. तोंड आवरणं सगळ्यांत अवघड जातं. त्याचे हात जिथे थांबतील तिथे संहितेच्या कडेला फुली. दुसऱ्यांदा मोबाइलवर केलेलं कच्चं चित्रण आवाज बंद करून दाखवायचं, कारण अनेकजण व्हिडिओ तसाच बघतात. आवाज बंद केल्यावर माझा लाडका खट् अर्थातच गेला, आणि फुली नेमकी तिथेच पडली. आता झाकणावरचा बाण आणि मुठीवरची रेघ एकमेकांसमोर येतात ते दोन सेकंद स्थिर दाखवलंय, आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: खट्!