हवेचं वजन

भाची लग्न होऊन गुवाहाटीला गेली, तिथे नवं घर झालं आणि आमच्या हिने तिच्यासाठी राम मारुती रोडवरून चिनी मातीचा टी-सेट आणला. किटली, झाकण, सहा कप, सहा बशा. ठाण्यातल्या ठाण्यात न्यायचा तरी मी रिक्षात मांडीवर घेऊन बसलो असतो. हा जाणार होता देशाच्या दुसऱ्या टोकाला, आणि तोही कुरिअरने, माझ्याविना.

दुकानाच्या खोक्यावर काचेच्या पेल्याचं चित्र होतं. "म्हणजे सुरक्षित आहे," ही म्हणाली. शेजारचे अण्णा ऐकत होते. वागळे इस्टेटमध्ये औषधांच्या बाटल्यांच्या पॅकिंगवर त्यांची उभी हयात गेलेली. "ते चित्र पट्ट्याला दिसत नाही, वहिनी," ते म्हणाले. "खोकं पट्ट्यावरून जातं, घसरगुंडीवरून खाली येतं, वर दुसऱ्याचं मिक्सरचं खोकं बसतं. चित्र कोण बघतोय? ते कमरेइतक्या उंचीवरून पडणारच असं धरून बांधायचं." आणि त्यांनी दार लोटून आत पाय टाकला. आता सुटका नव्हती.

पहिला तास किटलीने खाल्ला. झाकण काढून वेगळं गुंडाळलं, कारण जागेवर ठेवलं तर ते प्रवासभर कडेवर वाजत राहतं आणि कडेचा टवका उडतो. मी वर्तमानपत्र पुढे केलं, तर अण्णांनी हात धरला: "शाई लागते रे! आधी साधा कोरा कागद." मग किटलीच्या पोटात कागदाचे बोळे, सैलसर. ठासून भरले तर आतून दाब येतो. खरं नाजूक काम तोटीचं आणि कानाचं. या दोन गोष्टी बाहेर आलेल्या, त्यामुळे कुठूनही धक्का आला की आधी यांनाच बसतो. अण्णांनी कागदाच्या सुरळ्या करून तोटीच्या दोन्ही अंगांना आणि कानाच्या पोकळीत अशा भरल्या, की पोट, तोटी आणि कान एका पातळीत आले. वरून बबल रॅप, फुगे आतल्या बाजूला. किटली आता किटली वाटेना, प्लॅस्टर घातलेला पाय वाटू लागली.

बशा मी आडव्या रचल्या होत्या, एकावर एक, अगदी मांडणीत ठेवतात तशा. अण्णांनी त्या न बोलता काढल्या आणि प्रत्येकीमध्ये कागद घालून उभ्या लावल्या. आडव्या बशीवर वजन आलं की ती मध्ये वाकायला बघते, आणि चिनी माती वाकत नाही, सरळ तडकते. उभी बशी तेच वजन कडेवर पेलते. कपांत कप घालायलाही मनाई. प्रत्येकाला स्वतंत्र पांघरूण.

सगळं एका खोक्यात बसलं: ३५ बाय ३० बाय २५ सेंटिमीटर. अण्णांनी ते कानाशी धरून हलवलं. आत कुठेतरी 'टुक' झालं. "आवाज म्हणजे जागा, आणि जागा म्हणजे वेग," म्हणत त्यांनी पुन्हा उघडलं. हिने चहा टाकला. आमच्या जुन्या कपांतून.

आता हे खोकं दुसऱ्या मोठ्या खोक्यात. मी जांभळी नाक्यावरून चांगलं दणकट पाच-पदरी खोकं आणलं होतं: ५० बाय ४५ बाय ४०. चहूबाजूंनी साडेसात सेंटिमीटर गादी! अण्णांनी कागदावर गुणाकार मांडला. विमानाने जाणाऱ्या पार्सलची लांबी, रुंदी, उंची गुणून ५००० ने भागतात. ते आणि काट्यावरचं वजन यांतलं जे जास्त, त्याचे पैसे. माझं खोकं १८ किलोचं निघालं. आतला ऐवज पॅकिंगसकट पाचसुद्धा नव्हता. "तेरा किलो हवा पाठवतोयस," अण्णा म्हणाले. "चहूबाजूंनी पाच सेंटिमीटर पुरे." म्हणजे ४५ बाय ४० बाय ३५, भागिले ५०००, १२.६ किलो. दर बाजूला फक्त अडीच सेंटिमीटर कमी केल्यावर जवळजवळ साडेपाच किलो हवा ठाण्यातच राहिली. इथल्या हवेची प्रत बघता गुवाहाटीवर उपकारच झाले.

काउंटरवरच्या मुलाने आत काय म्हणून विचारलं. सांगितल्यावर फॉर्मची मागची बाजू दाखवली: काच आणि चिनी मातीच्या तुटफुटीला भरपाई नाही. "मग विमा कशाचा काढता?" मी विचारलं. "न तुटणाऱ्या वस्तूंचा, काका," तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला. मग त्याने 'नाजूक'चं लाल स्टिकर चिकटवलं आणि खोकं मागच्या ढिगावर टाकलं. ठेवलं नाही, टाकलं. अण्णांनी माझ्याकडे बघून मान हलवली: बघ, कमरेइतकीच उंची.

सेट पोचला. भाचीचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा ती कमरेपर्यंत कागदांत उभी होती. "मामा, कप मिळाले पाच, सहावा शोधतेय." तो रात्री उशिरा एका बोळ्यात सापडला, धडधाकट. उलट टपाली तिने आम्हाला गामोसा पाठवला, आसामी पंचाच म्हणा ना. घडी घालून साध्या पाकिटात. ना बबल रॅप, ना गुणाकार. पोरगी आईवर गेली आहे, आमच्यावर नाही.