थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते

शुक्रवारी रात्री पावणेनऊला वर्गाच्या ग्रुपवर मेसेज आला. स्क्रॅचमध्ये एक बोलणारं पात्र करायचं, त्याने छोटीशी गोष्ट सांगायची, एक-दीड मिनिट पुरे, सोमवारी पेन ड्राइव्हवर आणणे. सगळ्यात खाली एक ओळ होती : 'पालकांनी मदत करू नये.' ही ओळ आली की आपला शनिवार-रविवार गेला, हे पाचवीतल्या मुलीच्या बापाला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

मी बँकेत आहे. स्क्रॅच म्हणजे गाडीला पडतो तो, एवढंच मला माहीत होतं. सईने मला दया दाखवत सांगितलं, की हे अमेरिकेतल्या एमआयटीने 2007 साली लहान मुलांसाठी काढलं, यात काही टाइप करायचं नसतं, रंगीत ठोकळे एकाखाली एक अडकवायचे. ठोकळे म्हटल्यावर मला धीर आला. तो साधारण वीस मिनिटं टिकला.

गोष्ट कोणती, यावर आधी तासभर गेला. सईला अंतराळातला युनिकॉर्न हवा होता. माझी आई आतून म्हणाली, "चिऊ-काऊची करा की. सगळ्यांना येते." सगळ्यांना येते म्हणून सोपी असेल, असं मलाही वाटलं. शिवाय पात्रं दोनच.

स्क्रॅच उघडलं की पडद्यावर एक मांजर उभं असतं. चिऊ-काऊच्या गोष्टीत ते ठेवणं धोक्याचं, म्हणून पहिल्यांदा त्याला काढलं. मग तयार पात्रांच्या संग्रहात चिमणी शोधली. नाही. कावळा? तोही नाही. कोंबडीचं पिल्लू होतं, त्याला चिऊ म्हणून बढती दिली. कावळ्यासाठी रंगीबेरंगी पोपट घेतला आणि सईने रंगाचा डबा ओतून त्याला काळा केला. पोपट कापडाचे तुकडे शिवावेत तसा बनलेला असतो, त्यामुळे पंख वेगळा, पोट वेगळं, शेपूट वेगळी, असं एकेक काळं करावं लागलं. इतकं झाल्यावर पंख हलवून पाहिले, तर कावळा एका क्षणी काळा आणि पुढच्या क्षणी पोपट! त्या पात्राला दोन पोशाख असतात, पंख वर आणि पंख खाली. आम्ही एकच रंगवला होता. आई चष्मा पुसत म्हणाली, "दर सेकंदाला नाटकातल्यासारखे कपडे बदलतोय गं हा."

आता बोलणं. सईने `say for 2 seconds` नावाचा जांभळा ठोकळा लावला, त्यात 'चिऊताई, दार उघड' लिहिलं आणि हिरवा झेंडा दाबला. कावळ्याच्या डोक्यावर पांढरा फुगा आला, त्यात शब्द आले, दोन सेकंदांनी गेले. आवाज काही नाही. स्पीकरची वायर हलवली, आवाज वाढवला, हेडफोन लावून पाहिला. अर्ध्या तासाने कळलं, की `say` म्हणजे बोलणं नव्हेच. तो मुका फुगा आहे, चित्रकथेतल्यासारखा. आवाजासाठी खाली डाव्या कोपऱ्यातून 'टेक्स्ट टू स्पीच' नावाची वेगळी जोड घ्यावी लागते, आणि तिला इंटरनेट लागतं.

घेतली. भाषांच्या यादीत मराठी नव्हती. हिंदी होती. लिपी तर तीच, म्हणून हिंदी निवडली आणि आईने सांगितलेली सुरुवात जशीच्या तशी घातली :

```
एक होती चिऊ आणि एक होता काऊ. चिऊचं घर होतं मेणाचं आणि काऊचं घर होतं शेणाचं. एके दिवशी आला मोठ्ठा पाऊस आणि काऊचं घर गेलं पार वाहून.
```

एक बाई बोलू लागल्या. मेणाचं, शेणाचं यातला च चमच्यातला हवा. या बाई तो चहातला म्हणत होत्या. "ही कुणाची सून?" आईने विचारलं. तेही चाललं असतं. पण शेवटी बाई म्हणाल्या, "काऊचं घर गेलं पार वाहू" आणि गप्प झाल्या. पुन्हा झेंडा दाबला. पुन्हा 'वाहू'. सईने 'न' खोडून परत लिहिला, मी त्याच्यापुढचं टिंब काढून पाहिलं, काही फरक नाही.

शेवटी बँकेतली सवय कामी आली आणि मी अक्षरं मोजायला बसलो. हा ठोकळा एका वेळी 128 अक्षरंच पुढे पाठवतो, आणि अक्षर म्हणजे आपलं अक्षर नव्हे. काना वेगळा, वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा, दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा एक. 'चिऊताई' आपल्याला चार अक्षरांची दिसते, तो सहा मोजतो. आमच्या वाक्यांत 'वाहू'पाशी बरोबर 128 भरत होते आणि 'न' एकशेएकोणतिसावा निघाला. त्याबद्दल तो चूक दाखवत नाही, तक्रार करत नाही, नुसता कापतो. उपाय सोपा : दोन वाक्यं एका ठोकळ्यात, तिसरं दुसऱ्यात. पण तोवर सईला आवाजांच्या यादीत 'किटन' सापडलं होतं. हा आवाज निवडला, की तुम्ही काहीही लिहा, प्रत्येक शब्दाच्या जागी म्याऊ येतं. बाहेर काढलेलं मांजर मागच्या दाराने घरात आलं. पुढची चाळीस मिनिटं आमच्याकडे चिऊ-काऊची अख्खी गोष्ट म्याऊमध्ये चालू होती आणि खरं सांगतो, च तरी चुकत नव्हता.

मग स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करायचं ठरलं. सई चिऊ, शेजारचा अथर्व काऊ, आई निवेदक. रविवारी सकाळी दहाला दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून बसलो. पहिल्या वेळी कुकरची शिट्टी. दुसऱ्या वेळी कचऱ्याची गाडी, तिच्या गाण्यासकट. तिसऱ्या वेळी सगळं छान, फक्त आई रेकॉर्डिंगमध्येच म्हणाली, "झालं का रे?" ते कापता येतं : आवाजाची लहर पडद्यावर दिसते, नको तेवढा भाग निवडायचा आणि काढून टाकायचा. शिट्टी मात्र सईच्या 'थांब'वरच बसली होती. ती तशीच राहिली. चिऊच्या घरी स्वयंपाक चालू आहे, असं समजायचं.

खरा घोळ इथून पुढे. गोष्ट तुम्हाला माहीत आहे. भिजलेला काऊ दार वाजवतो, "चिऊताई, चिऊताई, दार उघड." चिऊ म्हणते, "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते." पुन्हा वाजवतो. "थांब, बाळाला काजळ लावते." मग तीट, मग आणखी काही. म्हणजे सगळी गोष्ट थांबण्यावर उभी, आणि दोन्ही पात्रांचे ठोकळे वेगळे, दोघंही हिरवा झेंडा दाबल्यावर एकदम सुटतात. कुणी केव्हा थांबायचं?

सईने सेकंद मोजले. काऊचं वाक्य तीन सेकंद, म्हणून चिऊला `wait 3`. चिऊचं चार, म्हणून काऊला `wait 4`. असं करत चार फेऱ्या बसवल्या आणि त्या बसल्याही. मग अथर्वला त्याचं पहिलं वाक्य आवडेना. त्याने ते पुन्हा, जरा रडवेल्या सुरात म्हटलं. ते पाच सेकंदांचं झालं, आणि तिथून पुढची सगळी गोष्ट दोन सेकंदांनी सरकली. काऊ "दार उ" म्हणतो तोच चिऊ "थांब" म्हणते. तिसऱ्या फेरीत तर काऊने नुसतं तोंड उघडलं, तोच चिऊ ओरडली, "तीट लावते!" एक वाक्य बदललं, की त्याच्या पुढचे सगळे आकडे बदला. अथर्वने अजून तीन वाक्यं रडवेली करायची ठरवलेली होती.

मी हरलोच होतो. तेवढ्यात सईने विचारलं, "बाबा, तुझ्या बँकेत लोकांना कसं कळतं, की आपला नंबर आला?" टोकन पुकारतात. दहा वाजून सात मिनिटांनी तुमची पाळी, असं कुणाला सांगून पाहा, काउंटरवर मारामारी होईल. आधीच्याचं काम संपलं की पुकारा करायचा, मग त्याला दोन मिनिटं लागोत की वीस. स्क्रॅचमध्ये हा पुकारा म्हणजे `broadcast`. काऊचे ठोकळे असे झाले :

```
when green flag clicked
go to x: (-180) y: (-60)
play sound (काऊ 1) until done
broadcast (दार 1)
```

आणि चिऊचे असे :

```
when I receive (दार 1)
play sound (चिऊ 1) until done
broadcast (थांब 1)
```

यातलं `until done` महत्त्वाचं. नुसता `start sound` लावला, तर आवाज सुरू होतो आणि ठोकळे त्याची वाट न बघता पुढे जातात, म्हणजे टोकन देता देताच पुढचा नंबर पुकारल्यासारखं. दुसरी ओळही उगाच नाही. पडद्यावरचं पात्र मागच्या खेळात जिथे गेलं असेल तिथेच राहतं. झेंडा दाबला म्हणून आपोआप जागेवर येत नाही. ही ओळ नव्हती, तेव्हा दुसऱ्या खेळाला काऊ आधीच चिऊच्या घरात जाऊन बसलेला असायचा आणि तिथूनच "दार उघड" म्हणायचा.

चोच हलवायला वेगळी माळ केली, तोच पुकारा ऐकणारी. सईने त्यात `forever` घातलं. वाक्य संपलं तरी काऊची उघडझाप चालूच, माइक बंद झाल्याचं न कळलेल्या वक्त्यासारखी. पंधरा वेळा पोशाख बदल, दर वेळी 0.2 सेकंद थांब, म्हणजे तीन सेकंद, असं मोजून दिल्यावर तो गप्प बसला. तोंड चिऊच्या घराकडून वळवायला -90 दिशा दिली, तर काऊ पाठीवर पडला, पाय वर. आई दचकली. "मेला की काय?" मेला नव्हता. वळण्याची पद्धत 'डावी-उजवी' करायची राहिली होती.

रात्री साडेदहाला शेवटची तालीम. दिवे मालवले, आई पुढे, अथर्वचे आईबाबा मागे. पाऊस पडला, घर गेलं पार वाहून, 'न'सहित. न्हाऊ झालं, काजळ झालं, तीट झाली. काऊने चौथ्यांदा दार वाजवलं, आणि पुढे काहीच नाही. चिऊ गप्प. काऊ भिजत उभा. पुकारा 'दार उघड' असा गेला होता आणि चिऊ 'दार उघडं' ऐकायला बसली होती. एक नाव सईने केलेलं, एक मी, यादीत दोन्ही एकाखाली एक. कुणीच न ऐकलेल्या पुकाऱ्याबद्दल स्क्रॅच चकार शब्द काढत नाही.

मी माउसला हात घातला. आई म्हणाली, "राहू दे. शेणाचं घर बांधलं की असंच होतं." सई आधीच झोपली होती, पेन ड्राइव्ह हातात धरून.

सोमवारी शाळेतून आल्यावर विचारलं, काय झालं? म्हणाली, सगळ्यांना आवडलं. मिसने फक्त एवढंच विचारलं, की काऊ अजून बाहेर का?

"मग?"

"मी सांगितलं, बाळाचं आवरायचंय."