बांगड्याला नाक पुरत नाही

"लेबल वाचा क्विझ. १) बेस्ट बिफोर उलटली की पदार्थ विषारी. बरोबर! २) युज बाय म्हणजे तेच, फक्त शब्द वेगळा. बरोबर! ३) युज बाय उलटली तरी वास चांगला असेल तर नीट शिजवून खा, शिजवल्यावर सगळं मरतं. बरोबर! ४) तारीख सरकार ठरवून देतं. बरोबर! दहा जणांना पाठवा."

परवा मालवणहून वहिनीचा फोन आला. तिच्या बचत गटाच्या ग्रुपवर हे फिरतंय आणि तिला चारपैकी चार मिळाले. पुढे म्हणाली, फ्रीजमध्ये मसाला लावलेल्या बांगड्याचं हवाबंद पाकीट आहे, युज बाय उलटून चार दिवस झाले, पण वास छान येतो, रात्री तळते. आता पहिल्या दोन प्रश्नांप्रमाणे ते पाकीट विष आणि तिसऱ्याप्रमाणे जेवण. क्विझ बनवणाऱ्याने स्वतःचेच प्रश्न एकदा वाचायचे होते. असो, आधी तिसरा, कारण तो ताटात येतोय.

बांगडा, सुरमई, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल मुळातच भरपूर असतं. मासा बर्फाशिवाय राहिला की काही जिवाणू त्याचं हिस्टामाइन करतात. मासा शिजवला की जिवाणू मरतात हे खरं, पण त्यांनी करून ठेवलेलं हिस्टामाइन तसंच राहतं. तळा, उकडा, आमसूल घाला, फ्रीजरमध्ये गोठवा, ते जात नाही. आणि ते तयार झालं म्हणून मासा कुजका वास मारेलच असंही नाही. त्यात पाकिटातली हवा काढलेली असली की नेहमीची घाण सोडणारे, हवेवर वाढणारे जिवाणू दबून राहतात. म्हणजे आपलं नाक ज्यांच्या भरवशावर आहे, तेच गप्प. वर आलं-लसूण आणि मालवणी मसाल्याचा लेप! वहिनीने वास घेतला तो मसाल्याचा.

असा मासा खाल्ला की काही मिनिटांपासून तास-दोन तासांत तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगाला खाज सुटते, छातीत धडधडतं. मग घरात ठरतं की "हिला बांगडा सोसत नाही". पुढच्या आठवड्यात तीच बाई ताजा बांगडा खाते आणि काही होत नाही.

शिवाय त्या पाकिटावर तारखेशेजारी "० ते ४ अंशांत ठेवा" असं छापलेलं होतं. तारीख त्या अटीवर उभी असते. आपल्याकडे पावसात दुपारभर लाईट गेली की फ्रीज किती अंशांवर असतो, हे कोण बघतं? अशा पाकिटाचं तारखेच्या आतही खरं नाही, उलटल्यावर तर विचारूच नका.

पहिले दोन प्रश्न चटकन उरकतो. FSSAI चे २०२० चे लेबलिंगचे नियम बघा, दोन्हींच्या व्याख्या वेगळ्या आहेत. बेस्ट बिफोरनंतर दर्जा उतरलेला असू शकतो, तरी पदार्थ खायला पूर्ण सुरक्षित असू शकतो, असं नियमातच म्हटलंय. युज बाय किंवा एक्स्पायरीनंतर मात्र तो माणसांनी खाण्यासाठी विकायचाच नाही. त्याच नियमांत युज बाय किंवा एक्स्पायरी छापणं सक्तीचं आहे, बेस्ट बिफोर ही जोडीला दिलेली ऐच्छिक माहिती. तेव्हा तिसऱ्या प्रश्नात चिमूटभर खरं आहे ते एवढंच, की नाकाने आणि जिभेने ठरवणं बेस्ट बिफोरला चालतं. कोरडा पापड महिनाभर उशिरा तळला म्हणून कोणी आजारी पडत नाही.

चौथा प्रश्न बचत गटालाच नडणारा. तारीख उत्पादकाने ठरवायची असते आणि ती चुकली तर जबाबदारीही त्याचीच. समजा गटाने भाजलेले खारे काजू विकायचे ठरवले. काजूचं आयुष्य संपतं ते तेल खवट होऊन किंवा दमट हवेने मऊ पडून. म्हणून विकायच्याच पाकिटात भरून, दुकानात असतात तशा हवेत ठेवायचे, दर पंधरा दिवसांनी एक पाकीट फोडायचं, चार-पाच जणींनी चाखायचं आणि तेलाची तपासणी प्रयोगशाळेत करून घ्यायची. समजा पाचव्या महिन्यात पहिल्यांदा खवट लागले, तर पाकिटावर चार महिने छापायचे. घाई असेल तर काही पाकिटं ४० अंशांत ठेवतात. दहा अंश वाढले की तेल खवट होण्याचा वेग साधारण दुप्पट धरतात, म्हणजे तिथले दोन महिने ३० अंशांतल्या चार महिन्यांच्या आसपास. हा अंदाजच, खऱ्या चाचणीशी ताडून बघावा लागतो. पाकीट साध्या पिशवीऐवजी जाड थराचं घेतलं तर सगळं पुन्हा करायचं.

गटाच्या काजूवर सध्या "सहा महिने" छापलंय. का, विचारलं तर वहिनी म्हणाली, बाजारातल्या दुसऱ्या पाकिटावर तसं होतं. आणि बांगडा? मांजराला घालू का, असं विचारत होती. नको म्हटलं, पुरून टाक.