शिफारसपत्राचा मजकूर नको, टिपण द्या

“एमएसला जायचंय ना? मग एलओआर एचओडी किंवा प्राचार्यांचंच घ्या, पदाला वजन असतं. सरांना वेळ नसतो, मजकूर आपणच लिहून न्यायचा, ते सही करतात.”

परदेशी शिकायला निघालेल्या मुलांना हा सल्ला हमखास मिळतो. मी पुण्यात इंजिनिअरिंगला शिकवते आणि दरवर्षी अशी शिफारसपत्रं, म्हणजे एलओआर, लिहिते.

आधी पदाचं. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या फॉर्मवर आम्हाला सहसा विचारतात की या विद्यार्थ्याला किती काळ आणि कोणत्या नात्याने ओळखता. ज्या प्राचार्यांनी तुम्हाला कधी शिकवलेलंच नाही, ते मार्कांपलीकडे काय लिहिणार? आणि मार्क तर तुमच्या ट्रान्स्क्रिप्टवर असतातच.

सहीचं म्हणाल, तर पत्र आता बहुतेक वेळा तुमच्या हातातून जातच नाही. अर्जात तुम्ही आमचा ईमेल भरता, लिंक आम्हाला येते आणि पत्र आम्हीच अपलोड करतो. (ईमेल कॉलेजचाच द्या, खासगी पत्त्यावर शंका घेतात.) पत्र पाहायचा हक्क सोडता का, हेही तुम्हाला तिथेच विचारलेलं असतं. शिवाय तिन्ही पत्रं तुम्हीच लिहिलीत, तर तेच प्रोजेक्ट त्याच विशेषणांनी तीनदा येतं, आणि वाचणाऱ्याला ते लगेच जाणवतं.

वेळेचं मात्र खरं आहे. बऱ्याच ठिकाणची मुदत 1 किंवा 15 डिसेंबर असते आणि नेमक्या त्याच सुमाराला आमच्याकडे सबमिशन आणि ओरल चालू असतात. म्हणून ऑक्टोबरमध्येच या, आणि येताना मजकुराऐवजी एक पान टिपण आणा.

मागे एका विद्यार्थिनीने आणलं होतं. वर विद्यापीठांची नावं आणि मुदती, खाली तिसऱ्या वर्षाला मी कोणता विषय शिकवला ते, आणि मग हे: “मिनी प्रोजेक्टमध्ये ओलाव्याच्या सेन्सरचं रीडिंग रोज थोडं सरकत होतं. तुम्ही विचारलंत, माती बदलली की सेन्सर? मी तीच माती सुकवून, तोलून, ठरावीक पाणी घालून आठ दिवस रीडिंग घेतलं. सेन्सरच्या पट्ट्या गंजत होत्या.” ती वही मी तपासली होती, पण विसरले होते. वाचताच सगळं आठवलं आणि पत्राचा मधला परिच्छेद त्यावरच उभा राहिला. “मेहनती आणि जिज्ञासू” एवढंच आणलं असतं, तर मला काहीच आठवलं नसतं.

माजी मॅनेजरकडे जाताना एक गोष्ट आधी विचारा. काही कंपन्या लेटरहेडवर फक्त पद आणि कालावधी लिहू देतात. तसं असेल तर ते व्यक्तिशः लिहू शकतील का, हे मुदतीच्या आधीच कळायला हवं. कामाचं टिपण त्यांनाही द्या, फक्त क्लायंटची गोपनीय माहिती त्यात नको.

आणि विचारताना “एलओआर द्याल का?” असं नको. “माझ्याबद्दल तुम्हाला ठोस काही लिहिता येईल का?” असं विचारा. समोरचा घुटमळला, तर आभार मानून दुसऱ्या कुणाकडे जा.