गणित कुठे गेलं?

माझ्या सगळ्या हालांचं मूळ ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’मध्ये आहे. दहावीला सहा विषय, पण टक्केवारी मात्र सर्वांत चांगल्या पाचांची. मला संस्कृतमध्ये ९८, सामाजिक शास्त्रांत ९५, मराठीत ९२, इंग्रजीत ८६, विज्ञानात ८४ आणि गणितात ६१. बोर्डाने गणित अलगद उचलून बाजूला ठेवलं. उरले ५०० पैकी ४५५. त्यात इंटरमीजिएट चित्रकलेच्या ‘ए’ ग्रेडचे ७ गुण मिळवले. झाले ९२.४ टक्के!

म्हणजे इतिहास, संस्कृत आणि जलरंग यांच्या खांद्यावर बसून मी थेट सायन्सच्या दारात पोचलो. कारण आमच्याकडे नव्वदीच्या पुढे सायन्स, ही काळ्या दगडावरची रेघ. “एवढे टक्के वाया घालवणार का?” असं आजीने विचारलं. टक्के म्हणजे जणू फ्रिजबाहेर राहिलेलं दूध.

“पण गणित ६१ आहे,” मी म्हटलं.

“ते धरलेलंच नाही ना!” बाबा म्हणाले.

दहावीने धरलं नाही, बारावीनंतर धरतात. इंजिनीअरिंगच्या सीईटीत फिजिक्स आणि केमिस्ट्री पन्नास-पन्नास गुणांचे, आणि गणित एकट्याचं शंभर. तिथे मी चित्र काढून दाखवलं तरी कुणी सात गुण देणार नाही. हे ऐकून बाबा जरा गप्प झाले. आईने ती संधी साधून “मग कॉमर्स” म्हटलं. कॉमर्स हा आमच्या घरात निर्णय नसतो, तह असतो.

आर्ट्सचं नाव मी काढलं तेव्हा काकांनी चहाचा कप खाली ठेवला. “आर्ट्सला काय, कोणालाही घेतात.”

अकरावीच्या ऑनलाइन फॉर्मचा दुसरा भाग भरायला सगळे लॅपटॉपभोवती जमले. जास्तीत जास्त दहा कॉलेजं टाकता येतात, आणि पहिल्या पसंतीचं मिळालं तर घ्यावंच लागतं. नाही तर पुढच्या नियमित फेऱ्या विसरा. त्यामुळे पहिला नंबर कुणाचा, यावर घरात इतका खल झाला की आजीचं जेवायचं राहिलं. नियम ऐकून काकांना एकदम जबाबदारीची जाणीव झाली. पुण्याच्या कॉलेजांचे गेल्या वर्षीचे कटऑफ त्यांनी मोबाइलवर काढले आणि चष्मा कपाळावर सरकवून मोठ्याने वाचायला लागले. फर्ग्युसन, आर्ट्स, इंग्रजी माध्यम. इथे ते थांबले. आकडा माझ्या ९२.४ च्या वर होता. त्यांनी स्क्रीन मोठी करून परत पाहिला.

“म्हणजे ह्याला आर्ट्सला घेणार नाहीत?”

“पहिल्या फेरीत तरी अवघड आहे,” मी नम्रपणे सांगितलं.

काका चिडलेच. “का नाही घेणार? ९२ टक्के मुलाला? संस्कृतमध्ये ९८ आहेत त्याला! वहिनी, मॅनेजमेंट कोट्याचं काय असतं हो?”