उत्तर झाकणारा मामा

सोडवलेलं उदाहरण नुसतं वाचण्याइतकं सुखाचं काम नाही. प्रत्येक ओळीला मान डोलवायची आणि उत्तर आलं की आपणच काढल्याच्या थाटात पान उलटायचं. माझ्या अकरावीतल्या भाचीने असं अख्खं घर्षणाचं प्रकरण एका संध्याकाळी 'संपवलं'. तेव्हा ताईने मला कामाला लावलं. मी उत्तर झाकायचं, भाचीने वहीत एक ओळ लिहायची, मगच मी पुस्तकातली एक ओळ उघडायची.

झाकायला पट्टी घेतली तर ती पारदर्शक. हात ठेवला तर बोटांच्या फटीतून ठळक छापलेलं उत्तर दिसे, आणि ते दिसलं की पोरगी सूत्रं पिळून नेमकं तेवढंच काढून दाखवी. शेवटी कुणाच्या तरी लग्नाची जाडजूड पत्रिका सापडली. आता प्रश्न संपला की लगेच 'आमचे येथे श्रीकृपेकरून'.

प्रश्न साधा होता. ३० अंशांच्या उतारावर ५ किलोचा ठोकळा स्थिर आहे, स्थितिक घर्षणगुणांक μ ०.७, g १० धरा, तर घर्षणबल किती? भाचीने आकृतीसुद्धा न काढता f = μN ठोकून दिलं. N म्हणजे उताराचं ठोकळ्यावरचं लंब बल, mg cos 30°, ४३.३ न्यूटन, म्हणून घर्षण ३०.३.

"उघड मामा!"

मी पत्रिका एक ओळ सरकवली. पुस्तकात μ चा पत्ताच नाही. नुसतं f = mg sin 30° = २५ न्यूटन.

"छपाईची चूक असेल," भाची म्हणाली आणि पत्रिका ओढू लागली. नेमकं इथेच पुढचं उघडू द्यायचं नसतं, म्हणून मीही पत्रिका दाबून धरली. "आधी तुझ्या आकड्यांनी ठोकळ्याचं काय होतं ते सांग."

खाली ओढणारे २५, वर ढकलणारे ३०.३. उरलेल्या ५.३ ला ५ किलोने भागलं तर त्वरण एकाहून जरा जास्तच. म्हणजे ठोकळा कुणी हात न लावता उतार चढू लागला! घाटात एसटीला जे जड जातं ते याला फुकटात जमलं. भाची वहीकडे बघतच राहिली. मग स्वतःच म्हणाली, "μN ही कमाल मर्यादा ना? अडवायला लागेल तेवढंच घर्षण येणार." पुस्तकात μ दिला होता तो २५ हे ३०.३ च्या आत आहेत, एवढं तपासायला. ते मात्र तिथे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

पुढची आकडेमोड मी झाकलीच नाही. गुणाकार करायला कॅल्क्युलेटर असतो. खरी परीक्षा पहिल्या ओळीची.

आता सुटलो असं वाटलं, तर तिने कोन ४० अंश केला. खाली ओढणारं बल ३२.१, मर्यादा २६.८. "मामा, हा घसरणार. मग गतिक गुणांक लागेल, तो तर दिलेलाच नाही. आता?"

मी म्हटलं, जेवण झाल्यावर बघू.